थेंब थेंब येत होतं, म्हणून

"अहो, तुमच्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसाला पार लघवी अडेपर्यंत काहीच कळलं नाही?" असं आता जो तो विचारतो.

कळलं होतं. हेच तर कुणाला पटत नाही. दोन-अडीच वर्षं मला सगळं कळत होतं, फक्त मी प्रत्येक गोष्टीचं वेगळं कारण लावत होतो. धार बारीक झाली, वय झालं. सुरू व्हायला अर्धा मिनिट उभं राहावं लागतं, घाईत असेन. संपली असं वाटून बाहेर आलो की पायजम्यावर दोन थेंब, नीट झटकलं नसेल. रात्री एकदा उठायचो, त्याचं दोनदा झालं, मग तीनदा. तेव्हा मी संध्याकाळी सातनंतर पाणी बंद केलं, तिनाचे पुन्हा दोन झाले आणि मला वाटलं, जिंकलो.

त्या वेळच्या स्वतःशी मी अजून भांडतो. तो म्हणतो, दुखत होतं का? नाही. लघवीतून रक्त? नाही. ताप? नाही. मग डॉक्टरकडे जाऊन सांगायचं काय, की धार पूर्वीसारखी लांब जात नाही? यावर माझ्याकडे आजही चोख उत्तर नाही. पण एक गोष्ट तो लपवतो. त्याला भीती होती की तपासलं तर कॅन्सर निघेल, आणि बोट घालून तपासणी करतात हे ऐकून लाजही होती. वय वगैरे नंतरचं.

आता त्या रात्रीचं सांगतो, कारण अडकलो ते त्या रात्री, आणि चुका केल्या त्याही त्याच रात्री.

दोन दिवस सर्दी होती. नाक चोंदलं होतं म्हणून घरातली सर्दीची गोळी घेतली, दिवसातून दोनदा. ती मी तरुणपणापासून घेत आलो आहे. रात्री दीडला जाग आली, उठून गेलो, उभा राहिलो. काही नाही. नळ सोडून पाहिला, जोर लावून पाहिला, बसून पाहिलं. चार-पाच थेंब आले. परत येऊन पडलो. अडीचला पुन्हा तेच. ओटीपोटात कळ यायला लागली होती, आणि घाई तर अशी की उभं राहता येईना.

इथे मी जे केलं ते शहाणपणाचं वाटूनच केलं. लघवी होत नाही म्हणजे पाणी कमी पडलं असेल, म्हणून तीन पेले पाणी प्यायलो. बाहेर पडायची वाट बंद असताना मी वरून भर घातली. बायकोने गरम पाण्याची पिशवी दिली, ती पोटावर धरून बसलो. ती दर पंधरा मिनिटांनी म्हणत होती, "दवाखान्यात जाऊ या." मी दर वेळी म्हणत होतो, "अगं, थेंब थेंब येतंय ना, म्हणजे पूर्ण अडलेली नाही. सकाळपर्यंत बघू."

त्या थेंबांनी मला फसवलं. लघवीची पिशवी काठोकाठ भरली की वरचं थोडंसं सांडतं, तसं ते सांडणं होतं. मी त्याला लघवी होणं समजत होतो. पाच वाजता बायकोने न विचारता मुलाला उठवलं. गाडीत मला बसवेना, मागच्या सीटवर अर्धवट आडवा होऊन, दात आवळून गेलो. अंगाला दरदरून घाम.

तातडीच्या विभागात एका तरुण डॉक्टरांनी पोटाला हात लावला. बेंबीच्या थोडं खाली घट्ट, गोल फुगवटा होता. मी तो गॅसचा समजत होतो. त्यांनी त्यावर बोटाने टकटक केलं, आवाज बद्द आला. "काका, हवा असती तर ढोलासारखं वाजलं असतं. ही लघवी आहे." मग पहिला प्रश्न, "सर्दीची गोळी घेतलीत का?" मला वाटलं, हा माणूस ज्योतिषी आहे. पुढे समजलं की नाक मोकळं करणारं औषध पिशवीच्या तोंडाचे आणि त्याच्या खाली लघवीच्या वाटेभोवती असणाऱ्या प्रोस्टेट या ग्रंथीतले स्नायू आवळतं, आणि त्याच गोळीत वाहतं नाक थांबवणारं जे दुसरं औषध असतं ते पिशवीची पिळायची ताकद कमी करतं. चाळीस वर्षं पचलेली गोळी आता पचली नाही, कारण वाढलेल्या प्रोस्टेटने वाट आधीच अरुंद झाली होती. गोळी फक्त निमित्त.

बधिर करणारी जेली घालून नळी घातली. घालताना दुखलं, खोटं सांगत नाही. पण नळी आत पोचल्यावर जे वाटलं त्याला शब्द नाहीत. बॅगेत ९५० मिली जमली. नर्सने आकडा सांगितला तेव्हा मी दोनदा विचारलं. एरवी आपल्याला ३०० ते ५०० मिलीला जायची चांगलीच घाई होते. बायको घाबरून म्हणाली, "एकदम सगळी काढू नका, थांबून थांबून काढतात ना?" डॉक्टर म्हणाले, तशी पद्धत होती, पण त्याने फायदा होतो असं दिसलेलं नाही. एकदम रिकामी केली तरी चालते, नंतर लघवी किती येते आणि बीपी कसं राहतं यावर लक्ष ठेवायचं. शेवटी लघवीला लालसर छटा आली. ताणलेल्या पिशवीतून थोडं रक्त येतं, ते आपोआप थांबलं.

मूत्रपिंडं नीट चालतात का हे पाहायला रक्तातलं क्रिएटिनीन तपासलं, ते ठीक निघालं. पीएसए ही प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका पाहणारी रक्ततपासणी मात्र त्या दिवशी करू नका, असं युरोलॉजिस्टनी बजावलं. लघवी तुंबलेली असताना आणि नळी घातल्यावर तो आकडा उगाच वाढलेला येतो आणि माणूस नको त्या शंकेने झोप घालवतो. काही आठवड्यांनी केली.

मग टॅम्सुलोसिन सुरू झालं, ०.४ मिलिग्रॅम, रोज जेवण झाल्यावर, ठरलेल्या वेळी. ही गोळी प्रोस्टेट लहान करत नाही, तिथले स्नायू सैल सोडते. पहिल्या आठवड्यात झटकन उठलो की चक्कर यायची, म्हणून पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मग उभा राहायचो. वीर्य बाहेर येणं जवळजवळ बंद झालं. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर ही गोळी चालू असल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरना आधी सांगावं लागतं, बुबुळ ऑपरेशनच्या वेळी ढिलं पडतं.

पाचव्या दिवशी सकाळी नळी काढली आणि पाणी पीत बाकावर बसवून ठेवलं. परीक्षेच्या निकालाला इतका घाबरलो नव्हतो. दोन तासांनी १६० मिली झाली. सोनोग्राफीत मागे ११० मिली शिल्लक. पास, पण काठावर.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, "मग रात्री उठणारा प्रत्येक जण पळत सुटायचा का?" नाही. युरोलॉजिस्टनी मला तीन दिवस मोजपात्रात लघवी करून वेळ आणि मिली लिहायला लावलं. बायको म्हणाली, आता हेही. पण वहीने मला दोन प्रकार शिकवले. रात्री तीनदा उठून दर वेळी १०० मिली होत असेल तर पिशवी नीट रिकामी होत नसेल किंवा तिला थोड्यावरच घाई होत असेल. पण दर वेळी ४०० मिली होत असेल तर रात्री लघवीच जास्त तयार होते आहे. चोवीस तासांच्या एकूण लघवीतली तिसऱ्या हिश्शाहून जास्त रात्रीची निघाली, की प्रोस्टेटच्या मागे लागण्याआधी पायांची सूज, हृदय, घोरणं, साखर आणि लघवी होण्याच्या गोळीची वेळ पाहतात. माझी पहिली तऱ्हा निघाली. माझ्या एका मित्राची दुसरी निघाली आणि त्याचं प्रोस्टेट माझ्याहून जवळजवळ दुप्पट आहे! माझं सोनोग्राफीत ४२ ग्रॅम. आकारावरून अडथळा मोजता येत नाही, हे त्या दिवशी कळलं.

दुखलं नाही म्हणजे काही नाही, या माझ्या जुन्या युक्तिवादाचं उत्तर मला माझ्या चुलतभावाकडून मिळालं. त्याला कधी कळ आलीच नाही. झोपेत अंथरूण ओलं व्हायला लागलं. घरच्यांना वाटलं, ताबा सुटला, म्हातारपण आलं. तोही लाजून गप्प. भूक गेली, मळमळ सुरू झाली, पाय सुजले, तेव्हा तपासलं. क्रिएटिनीन ६ च्या वर, दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली, पिशवीत दीड लिटरच्या वर. पिशवी महिनोन् महिने हळूहळू ताणत गेली की तिची जाणीवच मरते. नळी घातल्यावर लघवी इतकी सुटली की दर तासाची मोजून, रक्त तपासत, सलाईन लावून ठेवावं लागलं. मला जी कळ आली तिने निदान मला गाडीत तरी बसवलं. त्याला ती मिळाली नाही.

तेव्हा माझा आता हिशोब असा आहे. धार बारीक, रात्री दोनदा-तीनदा उठणं, यासाठी येत्या दिवसांत वेळ घेऊन जावं. लघवी अजिबात होत नाही आणि ओटीपोट भरून दुखतंय, तर त्याच घटकेला जावं, रात्र असली तरी, थेंब येत असले तरी. लघवी अडून थंडी-ताप भरला, रक्ताच्या गाठी येऊन धार बंद पडली, किंवा कंबर दुखून पाय लुळे वाटायला लागले आणि बसायची जागा बधिर झाली, तरी तसंच. आणि मोठ्या माणसाचं अंथरूण नव्याने ओलं व्हायला लागलं, तर दुखत नसलं तरी दिवस घालवू नये.

हे सगळं सांगून झाल्यावर तुम्ही म्हणणार, म्हणजे दोन वर्षं आधी गेला असतात तर ती रात्र टळली असती. मीही युरोलॉजिस्टना हेच विचारलं, खरं तर ते "हो" म्हणतील म्हणून. ते म्हणाले, शक्यता कमी झाली असती, पण गोळ्या चालू असलेल्यांचीही कधी कधी अडते. मला बरं वाटलं आणि लगेच राग आला, कारण आता स्वतःला धड दोषही देता येईना.

ऑपरेशनचं अजून ठरत नाही. धारेच्या यंत्रावर माझा जास्तीत जास्त वेग सेकंदाला ९ मिली आला. १५ च्या पुढे असता तर बरा म्हणाले असते. "घाई नाही, पण विचार करून ठेवा," असं ते दर वेळी म्हणतात, आणि दर वेळी मी वही पुढे करतो. काल रात्री एकदा उठलो. २१० मिली.