फराळाच्या पेजचा कव्हर फोटो: फोनवर कापला गेलेला नंबर

दिवाळीला तीन आठवडे राहिले होते. आईच्या फराळाच्या फेसबुक पेजवर मी नवा कव्हर फोटो चढवला होता. डावीकडे व्यवसायाचं नाव, मध्ये चकली-लाडवांचं ताट आणि उजव्या कडेला ऑर्डरचा नंबर. काँप्युटरवर सगळं अगदी व्यवस्थित दिसत होतं. चार दिवसांनी शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "अगं, तुझ्या पेजवर नंबर अर्धाच का दिलास?" त्यांच्या फोनवर पाहिलं तर शेवटचे चार आकडे गायब आणि डावीकडे नावातलं पहिलं अक्षरही नाही. फराळाची ऑर्डर देणारी बहुतेक मंडळी फोनवरूनच पेज बघतात, आणि मी एकदाही फोनवर तपासलं नव्हतं. त्या चार दिवसांचं मला खरंच वाईट वाटलं.

फेसबुकच्या मदत-पानावर कारण सापडलं. पेजचा कव्हर काँप्युटरवर ८५१ × ३१५ पिक्सेल दिसतो आणि फोनवर ६४० × ३६०. म्हणजे काँप्युटरवरची चौकट लांबट पट्टी, तर फोनवरची बरीच उंच. मी फोटो बरोबर ८५१ × ३१५ चा केला होता. फोन तो उंचीला पुरेल इतका मोठा करतो आणि बाजूचं उरलेलं कापून टाकतो. हिशेब केला तर ३१५ उंचीला फोनवर जेमतेम ५६० रुंदी दिसते. दोन्ही बाजूंचे प्रत्येकी सुमारे १४५ पिक्सेल जातात, आणि माझा नंबर नेमका तिथेच संपत होता.

मग दोन्ही चौकटींच्या अधलामधला आकार घेतला: १६४० × ७२०. याची फोनवर पूर्ण उंची दिसते आणि दोन्ही बाजूंचे १८० पिक्सेल जातात. काँप्युटरवर पूर्ण रुंदी दिसते आणि वरखाली सुमारे ५६ पिक्सेल जातात. दोन्हीकडे हमखास दिसणारा भाग म्हणजे मधला साधारण १२८० × ६०८ चा चौकोन. गिंप या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये `Image > Guides > New Guide` वापरून उभ्या रेघा १८० आणि १४६० वर टाकल्या, आडव्या ५६ आणि ६६४ वर. अक्षरं सगळी या चौकोनात, बाहेर फक्त टेबलाचं लाकूड. मराठी अक्षरांसाठी आतही थोडी जागा सोडावी लागते. वरच्या रेघेला शिरोरेषा टेकवली की वेलांटी आणि मात्रा बाहेर जातात. खालच्या डाव्या कोपऱ्यात मी काहीच ठेवलं नाही, कारण तिथे प्रोफाइलचं वर्तुळ कव्हरवर चढतं.

इथे मूळ फोटोच आडवा आला. मी ताट इतकं जवळून टिपलं होतं की कापायला भोवती काही शिल्लकच नव्हतं. चौकोनात ताट बसवावं तर नावाला जागा नाही, आणि नावाला जागा करावी तर चकली अर्धी. शेवटी आईला पुन्हा ताट मांडायला लावलं आणि दोन पावलं मागे सरकून, चारी बाजूंना टेबल दिसेल असा फोटो घेतला. आता असे फोटो काढताना मी आधीच लांबून काढते. कापून लहान करता येतं, नसलेली कड कुठून आणणार?

वर्तुळाचा गोंधळ निराळा होता. प्रोफाइलसाठी ८०० × ८०० चा चौकोनी लोगो होता आणि त्यात अगदी खाली, एका सरळ ओळीत नाव. चौकोनात वर्तुळ काढलं की कोपरे जातात हे कळत होतं, पण खालच्या ओळीचं किती जातं ते मोजल्यावर कळलं. वरून ७२० पिक्सेलवर वर्तुळाची रुंदी फक्त ४८० उरते. माझी ओळ ७०० ची होती. चारी कोपऱ्यांसकट सुरक्षित राहणारा चौकोन हवा असेल तर तो मधला साधारण ५६५ चाच मिळतो. नाव तेवढ्यात बसवून पाहिलं, पण कमेंटशेजारी तेच वर्तुळ नखाएवढं होतं आणि अक्षरांचा नुसता ठिपका दिसतो. म्हणून नाव काढूनच टाकलं. गडद लाल पार्श्वभूमीवर एकच चकली ठेवली, आणि तिच्या कडेपासून वर्तुळापर्यंत बोटभर मोकळी जागा.

अक्षरांच्या कडा फाटू नयेत म्हणून दोन्ही फाइली पीएनजी केल्या. चढवल्यावर माझा फोन, आईचा जुना लहान फोन आणि काँप्युटर अशा तिन्हींवर पेज उघडून नंबर मोठ्याने वाचून घेतला. आईच्या फोनवर शेवटच्या आकड्यानंतर लाकडाची बारीकशी पट्टी दिसत होती. संध्याकाळी काकूंना पुन्हा बघायला सांगितलं. त्यांनी त्यांच्याच फोनवर पेज उघडलं, नंबर वाचला आणि दोन किलो चकलीची ऑर्डर दिली.