अखजीचं माहेर आणि सासूबाईंचा नकार

चैत्र संपत आला. खान्देशात अंगणाअंगणात बिबड्या, कुरडयांचं वाळवण सुरू आहे आणि नव्या सुनांच्या मनात एकच विचार: अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी पाठवतील ना? आज तेवढंच लिहून ठेवते.

सासूबाईंच्या नकारामागे बहुधा एक साधं कारण असतं. अखजीला त्यांच्याही लेकी माहेरी येतात. घरात पुरणपोळी, आमरस, घागरीची पूजा, आणि हक्काची हाताखालची सून त्याच वेळी निघणार. हे ध्यानात घेतलं तर बोलणं सोपं होतं, कारण मग भांडण माहेराशी नसतं, कामाच्या वाटणीशी असतं.

पंधरा दिवस आधी, दुपारची जेवणं उरकल्यावर, दोघीच असताना बोलावं. शेजारणी वाळवणाला बसलेल्या असताना नको. चारचौघींत त्यांना माघार घेता येत नाही. "जाऊ का?" असं विचारलं की "नको" हे उत्तर आपणच हातात देतो. त्यापेक्षा असं म्हणावं: "आई, अखजीला भाऊ घ्यायला येणार आहे. आदल्या दिवशी सकाळी निघेन, चौथ्या दिवशी संध्याकाळी परत येईन. त्याआधी कुरडया उरकू. गहू तीन दिवस भिजवावे लागतात, तर सोमवारीच घालू का?" जाण्याची तारीख सांगायची, कामाचं मात्र विचारायचं. मान तिथे द्यायचा.

कारणांची यादी देऊ नये. "आईची तब्येत बरी नाही, बहीण येणार आहे" असं म्हटलं की एकेक कारण खोडलं जातं. एकच वाक्य, त्याच आवाजात, पुन्हा.

नवऱ्याचं काय? रात्री तक्रार ऐकून सकाळी तो आईशी भांडला, तर "सुनेने कान भरले" हेच उरतं. त्याने आधीच, स्वतःच्या नावाने सांगावं: "आई, आम्ही दोघांनी ठरवलंय. ताई येतील तेव्हा बाजार आणि वाढणं मी बघतो." आणि ते खरंच करावं.

पहिल्यांदा अबोला होईल, कदाचित "माझं बीपी वाढलं" येईल. बीपी मोजून घ्यावं. खरंच वाढलेलं असेल तर डॉक्टरांकडे न्यावं, जाणं एक दिवस पुढे ढकलावं, पण नवी तारीख लगेच सांगावी. नुसत्या अबोल्यापायी बेत मोडला, तर पुढच्या वर्षी अबोला आणखी आधी सुरू होतो.

फोन काढून घेणं, कोंडणं, हात उगारणं हे यात बसत नाही. तिथे बोलण्याची रीत शोधत बसू नये. २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा सासूलाही लागू होतो. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करावा.

परत येताना सांगितलेल्याच संध्याकाळी यावं. आल्यावर भरपाई म्हणून दुप्पट काम अंगावर घेऊ नये. नेहमीचा स्वयंपाक करावा आणि ताईंची चौकशी करावी.