तेवीस नोंदींची वही

कोल्हापुरातील एका महाविद्यालयात मी आठवड्यातून तीन दिवस समुपदेशक म्हणून बसते. ज्याच्याविषयी येथे सांगत आहे, त्या मुलाचे नाव मी देणार नाही, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत. तो आजरा तालुक्यातील एका खेड्यातून आलेला, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकणारा आणि वसतिगृहात राहणारा. सप्टेंबरमधील एका पावसाळी दुपारी तो आला, तेव्हा शर्टाच्या आत, भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक दोनशेपानी वही होती. खुर्चीवर बसताच त्याने ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही वाचून सांगा. मला वाटतंय ते खरं हाय का न्हाई."

वहीत तेवीस नोंदी होत्या, प्रत्येकीपुढे तारीख. ऑगस्टमध्ये त्याला ताप आला होता आणि तो अकरा दिवस खोलीत पडून होता. त्या काळात वर्गातील एका मुलीने त्याला नोट्सचे फोटो पाठवले, प्रॅक्टिकलचे जर्नल पूर्ण करून घेण्यासाठी सरांकडून मुदत मागून घेतली, दोनदा वसतिगृहाच्या फाटकाशी आईने केलेल्या मऊ भाताचा डबा आणून दिला आणि जवळजवळ रोज रात्री "जेवलास का?" असे विचारले. एवढ्यावरून ती आपल्यावर प्रेम करते, असे त्याने ठरवले होते. पुढच्या आठवड्यात तिचा वाढदिवस होता. रंकाळ्यावर सहा मित्रांसमोर केक कापून तिला विचारायचे, असा बेत होता आणि केकचे पैसेही गोळा झाले होते.

येथे माझ्याकडून चूक झाली. वही वाचून मी घाईने म्हटले, "अरे, ती चांगली मैत्रीण असेल." वाक्य कदाचित खरे असेल, पण त्या क्षणी मला ते माहीत नव्हते. त्याने काही न बोलता वही परत पिशवीत घातली. एक मात्र बरे झाले, की दाराशी जाता जाता मी एवढेच म्हणू शकले, "सहाजणांसमोर विचारलंस तर ती तुला उत्तर देणार, की त्या सहाजणांना?" तो चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला आणि म्हणाला, की केक रद्द केला आहे, पण नोंदी खोट्या नाहीत.

नोंदी खोट्या नव्हत्याच. गोंधळ त्यांच्या वाचनात होता, आणि त्याची कारणे त्याच्या आयुष्यात सरळ दिसत होती. त्याच्या गावच्या शाळेत दहावीपर्यंत मुले आणि मुली वेगळ्या रांगांत बसत आणि एकमेकांशी बोलत नसत. घराबाहेरच्या एखाद्या मुलीने आपली विचारपूस करणे ही गोष्ट त्याने यापूर्वी अनुभवलीच नव्हती. मुली साधारणपणे वर्गमित्राशी कशा वागतात, हे ज्याला माहीत नाही, त्याला साधे आणि विशेष यांतला फरक कळणार कशाने? शिवाय आजारपणातले एकटेपण होते. तापात पडलेल्या माणसाला दारात उभा राहिलेला डबा मोठा दिसतो, आणि तो तसा दिसावा यात गैर काही नाही.

ही चूक त्याच्या एकट्याची नव्हती, हे त्याला कळावे म्हणून मी त्याला एक जुना प्रयोग सांगितला. अँटोनिया अॅबी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रीने 1982 साली तो प्रसिद्ध केला. एक विद्यार्थी आणि एक विद्यार्थिनी पाच मिनिटे गप्पा मारत आणि दुसरी एक जोडी त्यांना पाहत असे. गप्पा तेवढ्याच, पण त्या मुलीच्या साध्या मोकळेपणात मुलांना मुलींपेक्षा अधिक आकर्षण दिसले; जो नुसता पाहत होता, त्या मुलालाही. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे नुसतं बघणाऱ्यालाबी तसंच वाटलं?" त्याच्या चेहऱ्यावरची शरम त्या प्रश्नाबरोबर थोडी उतरली. अशा प्रयोगातून एकट्या मुलाविषयी किंवा एकट्या मुलीविषयी काही सिद्ध होत नाही, हेही मी त्याला सांगितले.

मग आम्ही वहीतली पाने उभी तीन भागांत विभागली. पहिल्या रकान्यात फक्त काय घडले ते, कॅमेऱ्याला दिसेल इतकेच. दुसऱ्यात त्याने त्याचा काय अर्थ लावला ते. तिसऱ्यात, तीच गोष्ट तिने आणखी कोणासाठी केली आहे का, ते. पहिला रकाना भरणेच सर्वांत कठीण गेले. "तिने प्रेमाने विचारले" असे तो लिहायचा आणि मी "प्रेमाने" हा शब्द दुसऱ्या रकान्यात हलवायला सांगायची. "जेवलास का?" या नोंदीशी आल्यावर मी त्याला विचारले, की फाटकावरचे वॉचमनमामा तुला रोज काय विचारतात. तो हसला. कोल्हापुरात हा प्रश्न पेठेतला दुकानदारही विचारतो, आणि गंमत म्हणजे आजऱ्यातही विचारतात. तो प्रश्न त्याला घरी परका नव्हता, फक्त विचारणारी व्यक्ती नवी होती.

दोन बैठकांनंतर हिशेब असा निघाला. तेवीसपैकी नऊ गोष्टी तिने इतरांसाठीही केल्याचे त्याला स्वतःलाच आठवले. नोट्सचे तेच फोटो तिने आणखी चौघांना पाठवले होते. पाच नोंदी अशा होत्या, की सुरुवात त्याने केली होती आणि तिने केवळ उत्तर दिले होते. सहा गोष्टींबाबत त्याला काहीच माहीत नव्हते. उरल्या तीन, त्यांत दोन डबे आणि "तू हसतोस तेव्हा बरा दिसतोस" हे एक वाक्य.

त्या सहांविषयी तिच्या मैत्रिणीला विचारावे, असे त्याला वाटत होते. मी नको म्हटले. मैत्रिणीला विचारलेली गोष्ट वर्गात दोन दिवसांत फिरते, आणि मग त्या मुलीला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांना देत बसावे लागते. त्याऐवजी एक आठवडा त्याने स्वतःहून संदेशांची सुरुवात करू नये, पण तिचा आला तर नेहमीसारखे उत्तर द्यावे, असे ठरले. रुसून गप्प बसणे वेगळे. ते परीक्षा घेणे झाले, आणि त्यातून कळते ते फक्त समोरचा किती गोंधळतो एवढेच. आठवड्यात तिचे दोन संदेश आले. दोन्ही जर्नल जमा करण्याविषयी होते. दरम्यान पाय मुरगळलेल्या एका मुलीलाही तिच्या घरून डबा जातो, हे त्याला वर्गातच समजले.

आता वाचकाला वाटेल, की उत्तर मिळाले. त्यालाही तसे वाटले आणि तो म्हणाला, "मग इषय संपला." मला तसे वाटत नव्हते. रकान्यांवरून एवढेच कळले होते, की या पुराव्यावरून प्रेम ठरत नाही. प्रेम नाही, हेही त्यावरून ठरत नव्हते. तिच्या मनातले फक्त तिला माहीत होते. त्याच्या मनातली भावना मात्र खरी होती आणि ती दाबून तो तिच्याशी प्रॅक्टिकलला नीट बोलूही शकत नव्हता. विचारायचे की नाही हा निर्णय त्याचा होता. कसे विचारायचे, यासाठी तो माझ्याकडे आला होता.

त्याचा पहिला मसुदा असा होता: "तू नसतीस तर मी वाचलो नसतो, तुझ्याशिवाय माझा अभ्यास होणार नाही." मी त्याला तिच्या जागी बसवले आणि ते वाक्य त्याला वाचून दाखवले. आता नाही म्हण, असे म्हटले. त्याला जमेना. म्हणाला, "नाही म्हटलं तर तो नापास व्हायचा." अडचण त्याच्या तोंडूनच बाहेर आली होती. व्हॅनेसा बोन्स आणि लॉरेन डेव्हिन्सेंट यांचा 2019 मधला अभ्यास हेच सांगतो: नको असलेल्या प्रेमाच्या मागणीला नकार देणे समोरच्याला किती जड जाते, याचा अंदाज मागणी करणाऱ्याला कमी येतो. म्हणून नकार स्वस्त करून देण्याची जबाबदारी विचारणाऱ्याची.

चौथ्या मसुद्यावर तो थांबला. "आजारपणात तू केलंस त्याबद्दल आभार, ते वेगळं. मला तू आवडू लागली आहेस. तुझ्या मनात तसं नसेल तर नाही म्हण, मी पुन्हा विचारणार नाही, आणि प्रॅक्टिकलचं काम आहे तसं चालेल." "ते वेगळं" हे दोन शब्द त्याचे स्वतःचे, आणि मला सगळ्या मसुद्यात तेच सर्वांत आवडले. जागा म्हणून ग्रंथालयाबाहेरचा व्हरांडा ठरला: दिवसाउजेडी, येजा असलेला, पण बोलणे ऐकू जाणार नाही असा, आणि तिला हवे तेव्हा निघून जाता येईल असा. बसस्टॉप त्याने सुचवला होता, पण बस येईपर्यंत तिला तिथून हलता आले नसते. "बघू", "आत्ता अभ्यास आहे", "घरी चालणार नाही" ही उत्तरेही नकार म्हणूनच धरायची, यावर आमचा बराच वाद झाला. "घरी चालणार नाही म्हणजे तिला चालंल," हे त्याचे म्हणणे मला मान्य नव्हते आणि आजही नाही.

गुरुवारी त्याने विचारले, शुक्रवारी मला येऊन सांगितले. ती आधी दचकली, मग म्हणाली, "तसं काही नाही रे." आणि त्याने न विचारताच तिने पुढे सांगितले, की तिचा दादा पुण्यात खोली करून राहत होता, त्याला कावीळ झाली तेव्हा चार दिवस कोणी चौकशीला आले नव्हते, म्हणून वर्गात कोणी आजारी पडले की आई तिला डबा घेऊन पिटाळते. तो "बरं" म्हणाला. का, कसे, विचार करून सांग, यांतले काहीही तो म्हणाला नाही. दोघे थोडा वेळ अवघडून उभे राहिले आणि मग तिने त्याचे जर्नल तपासून झाले का, ते विचारले. हे सांगताना त्याचे डोळे भरले होते. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि काही बोलले नाही.

निघताना त्याला एक शंका होती. दुसऱ्या वेळचा डबा अजून त्याच्या खोलीवर होता. इतके दिवस त्याने तो मुद्दाम ठेवून घेतला होता. रिकामा डबा परत द्यायची त्याच्या घरी रीत नव्हती, पण त्यात काही घालून दिले तर तिला पुन्हा तेच वाटेल का? मी विचारले, पाय मुरगळलेल्या मुलीने काय केले. तिने चिवडा घालून दिला होता. मग त्याने गावाहून आईने पाठवलेला आजरा घनसाळ तांदूळ डब्यात भरला आणि सोमवारी प्रॅक्टिकलच्या टेबलावर सगळ्यांदेखत "काकूंना द्या म्हणून आईनं सांगितलंय" म्हणून दिला.

पुढच्या भेटीत त्याने वही उघडून दाखवली. चोविसावी नोंद होती. पहिल्या रकान्यात लिहिले होते, "तिच्या आईला भात आवडला, असे ती म्हणाली." दुसऱ्या रकान्यात, "भात आवडला."