आमची वाटचाल: शेवटच्या तासाचा मेल

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या छोट्या ऑफिसात आम्ही सुरुवात केली ती व्हिडिओ शूटिंगने. लग्नं, कंपन्यांच्या सभा, द्राक्ष बागायतदारांचे मेळावे. 2020 मध्ये टाळेबंदीने सगळे हॉल बंद झाले आणि पिंपळगावच्या एका निर्यातदार काकांनी विचारलं, "भाऊ, तेच चर्चासत्र घरबसल्या करून द्याल का?" तिथून धंद्याने वळण घेतलं. आज कॅमेरा, माइक, रेकॉर्डिंग कोणीही देतं. आमची गिऱ्हाइकं परत येतात ती बरीचशी आमच्या आठवणीच्या मेलमुळे, असं माझं मत आहे.

हा मेल आदल्या दिवशी एकदा आणि सत्राच्या तासभर आधी एकदा जातो. दोन्ही वेळी मजकूर तोच. नोंदणी केलेला माणूस तो बघतो बहुधा फोनवर, गडबडीत, त्यामुळे वक्त्याचा परिचय वगैरे खाली. वर फक्त वेळ, लिंक आणि लिंक चालली नाही तर काय करायचं.

वेळेचं दुखणं मार्चमध्ये उठतं. द्राक्षाचा हंगाम भरात असतो आणि युरोपातली घड्याळं नेमकी तेव्हाच तासभर पुढे सरकतात. आपलं आणि दुबईचं घड्याळ वर्षभर जागचं हलत नाही. 2026 मध्ये युरोपचा बदल 29 मार्चच्या रविवारी होता, आणि आमच्या एका निर्यातदाराची दोन सत्रं बुधवारी 25 मार्चला आणि पुढच्या बुधवारी 1 एप्रिलला होती. दोन्ही नाशिकच्या संध्याकाळी साडेसहाला. त्यांच्या ऑफिसातून दुसऱ्या सत्राचा मजकूर आला तो पहिल्याचाच, फक्त तारीख बदललेली: "नेदरलँड्स दुपारी 2.00". पंचवीस तारखेला ते बरोबर होतं. एक एप्रिलला तिथे तीन वाजणार होते. मेल तसाच गेला असता तर रॉटरडॅमचा खरेदीदार तासभर रिकाम्या पडद्यासमोर बसला असता.

म्हणून जुन्या मेलवरून वेळा उचलायच्या नाहीत, हा आमच्याकडे नियमच आहे. प्रत्येक तारखेला गावागणिक वेळ नव्याने काढायची. नुसतं "IST" लिहीत नाही, कारण आयर्लंड आणि इस्राएलवालेही आपल्या वेळेला तेच म्हणतात. "नाशिक" किंवा "भारतीय वेळ" लिहिलं की प्रश्न मिटतो. सोबत कॅलेंडरची फाइल जोडतो. तिच्यात वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, ज्याचं त्याचं कॅलेंडर ती आपल्या घड्याळात बदलून दाखवतं:

```
DTSTART:20260401T130000Z
```

शेवटचा Z गळला तर फाइल जिथे उघडेल तिथलाच दुपारचा एक वाजलेला दिसतो. त्यामुळे पाठवण्याआधी ही ओळ डोळ्यांनी तपासतो.

लिंकचं दुखणं वेगळं. घाऊक मेल पाठवणाऱ्या सेवा, कोणी क्लिक केलं हे मोजायला, आपल्या लिंकच्या जागी स्वतःचा वळसा घालतात. मोठ्या कंपन्यांच्या सुरक्षा यंत्रणा असा वळसा कधी कधी अडवतात, आणि आत येणाऱ्याला कोरं पान दिसतं. आठवणीच्या मेलपुरती ही मोजणी आम्ही बंद ठेवतो. आकडे नसले तर नसले. शिवाय मीटिंग क्रमांक आणि पासकोड लिंकखाली वेगळे लिहितो, म्हणजे लिंक अर्धवट कॉपी झाली तरी ॲपमध्ये टाइप करून आत येता येतं.

आता राखीव सोय. सुरुवातीला दोन लिंक एकाखाली एक द्यायचो, "मुख्य" आणि "पर्यायी". लोक काय, दिसेल ती दाबतात. निफाडचे चार शेतकरी पर्यायी खोलीत एकमेकांना नमस्कार करत बसायचे. आता मेलमध्ये एकच पत्ता असतो, आमच्या स्वतःच्या पानाचा. त्यावर एकच बटण, आणि ते कुठल्या खोलीत नेईल हे आम्ही ठरवतो. मेलचा वरचा भाग असा:

```
बुधवार 1 एप्रिल 2026
नाशिक      संध्याकाळी 6.30
दुबई       संध्याकाळी 5.00
रॉटरडॅम    दुपारी 3.00
लंडन       दुपारी 2.00

आत येण्यासाठी: https://example.com/satra
सत्र सुरू होऊन पाच मिनिटांत आत येता आलं नाही तर
हेच पान पुन्हा उघडा. तरीही अडलं तर
या मेलला उत्तर द्या किंवा खालच्या
क्रमांकावर फोन करा.
```

पाच मिनिटांची मुदत मुद्दाम आहे. खोली बदलायची की नाही, हे तेवढ्यात एकाच माणसाने ठरवायचं. चर्चा करत बसलो की निम्मे इकडे, निम्मे तिकडे. बदललीच तर आमचा एक जण जुन्या खोलीत निदान दहा मिनिटं थांबतो आणि उशिरा आलेल्यांना नवीकडे पाठवतो. अर्थात जुनी खोली उघडत असेल तरच. रेकॉर्डिंगचे मग दोन तुकडे होतात, ते नंतर जोडायचे.

दुसऱ्या खोलीची सेवा वेगळ्या कंपनीची हवी, आणि आमचं पान या दोघींपासून वेगळ्या सर्व्हरवर. एकाच ठिकाणी सगळं ठेवलं तर राखीव म्हणण्यात अर्थ नाही. दिंडोरीत लाइट गेली तर मात्र यातलं काही कामाचं नाही. तिथल्या माणसाला फोनवरून नुसता आवाज ऐकता यावा म्हणून डायल-इन क्रमांक मेलच्या तळाशी असतो.

या मेलचे आम्ही वेगळे पैसे लावत नाही. लावायला हवेत, असं आमचे सीए दर मार्चला म्हणतात.