तुम्ही विचारलंत म्हणून: सहा वर्षांत चार नोकऱ्या

"मुलाखतीत 'इतक्या नोकऱ्या का बदलल्या?' असं आलं की तुम्ही काय सांगायचात? माझं तर तिथेच अडतं."

माझंही अडायचं. चाकणच्या पट्ट्यात, क्वालिटीत, सहा वर्षांत माझ्या चार कंपन्या झाल्या: दोन वर्षं, अकरा महिने, सात महिने आणि शेवटी अडीच वर्षं. मी पहिलीपासून सुरू करून एकेकीचं कारण सांगत जायचो. कारणं खरी होती, पण ओळीनं ऐकली की सबबी वाटतात. चारही ठिकाणी चूक दुसऱ्याचीच कशी, हे समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसायचं.

पुढे मीच माणसं घ्यायला बसलो तेव्हा पलीकडची धाकधूक कळली. नव्या माणसाच्या नोटीस पीरियडसाठी आम्ही दोन-तीन महिने थांबतो. मग तो लाइन शिकतो, ग्राहकाच्या ऑडिटला एकटा उभा राहायला आणखी सहाएक महिने जातात. नेमका तेव्हाच तो गेला तर? प्रश्न मागच्या नोकऱ्यांचा वाटतो, पण काळजी असते ती ह्याची.

म्हणून शेवटी मी आत्ताच्या नोकरीपासून सुरुवात करू लागलो. "आत्ताच्या ठिकाणी अडीच वर्षं आहे, दोन ग्राहक-ऑडिट मी सांभाळले. पहिली नोकरी दोन वर्षांच्या ट्रेनीच्या कराराची होती, तो पूर्ण केला. दुसरीकडे आमची लाइनच दुसऱ्या प्लांटला हलली. तिसरी माझी चूक. पगार बघून गेलो, काम नुसतं कागदपत्रांचं निघालं. आता आधी शॉप फ्लोअर बघायला मागतो, तुमचाही बघायचाय." एवढं बोलून गप्प. मिनिटभरच लागतं. ती एक चूक कबूल केली की बाकीची दोन कारणंही खरी वाटू लागतात, हे मला फार उशिरा कळलं.

सात महिन्यांची नोकरी गाळून टाकावी असं पुष्कळजण सुचवतात. मीही एकदा गाळली होती. पीएफ कापला जात असेल तर यूएएनच्या सर्व्हिस हिस्ट्रीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते, आणि पडताळणीवाले ती मागतात. माझी ऑफर तिथेच गेली. छोट्या नोकरीनं गेली नसती, लपवल्यानं गेली.

उत्तर लागू पडलं की नाही हे पुढच्या प्रश्नावरून कळतं. "बरं, ऑडिटला काय निघालं होतं?" असं आलं तर गाडी कामावर आली. "पण तिसरी नेमकी का सोडलीत?" असं पुन्हा आलं, तर तुम्ही गोलगोल बोललात.

आणि चारही नोकऱ्या वर्षाच्या आत, स्वतःहून सोडल्या असतील, तर कसंही मांडलं तरी भागत नाही. तेव्हा मी उमेदवाराला एकच विचारतो: सध्याच्या ठिकाणी अजून वर्षभर काढता येईल का?