नकाराच्या पत्रातला 'सध्या' काढला तेव्हा

रत्नागिरीजवळ आमचं आंब्याचं कॅनिंग युनिट आहे, ऑफिसचं आणि भरतीचं काम माझ्याकडे. मे महिन्यात अकाउंट्सच्या एका जागेसाठी मुलाखती घेतल्या आणि ज्यांना घेतलं नाही त्यांना नेहमीचं पत्र पाठवलं, 'सध्या आपली निवड होऊ शकली नाही, आपला बायोडेटा आमच्याकडे राहील, भविष्यात संधी आल्यास अवश्य कळवू.' गणपती झाले आणि लांज्याच्या एका मुलाचा फोन आला, "मॅडम, आता बोलवाल ना?" त्याने चिपळूणची एक नोकरी आमच्या भरवशावर सोडली होती. मला बोलताच येईना. बायोडेटाची ती फाईल आम्ही कधी उघडतच नाही, म्हणजे मी त्याला खोटंच लिहिलं होतं.

मग पत्र परत लिहायला बसले. आधी सगळं गोड गोड काढून टाकलं तर उरलं ते अगदी नोटीस वाटायला लागलं. म्हणून ठरवलं की नकार पहिल्याच वाक्यात, कारण एकच आणि तेही कामाचं, माणसाबद्दल नाही. 'आपल्यापेक्षा चांगले उमेदवार होते' हे तर अजिबात नको, त्याने समोरच्याला कळत काहीच नाही, नुसतं लागतं. लिहून झाल्यावर आमच्या पॅकिंगच्या काकींना दिलं आणि विचारलं, हे वाचून परत फोन करावासा वाटेल का? त्या म्हणाल्या, "सीझनला बोलवतील असं वाटतं गो." कुठे वाटतं विचारलं तर त्यांनी 'सध्या'वर बोट ठेवलं. पुढे मी 'रिटर्न भरायचा अनुभव अजून नाही' लिहिलं होतं, तो 'अजून' पण तसाच, शिकून ये मग घेतो असं सांगणारा. दोन्ही काढले.

शेवटी लांज्याच्या त्या मुलालाच लिहितेय असं धरून झालं ते असं:

'अकाउंट्सच्या जागेसाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे, त्यामुळे तुम्हाला ही नोकरी देता येणार नाही. या कामात दर महिन्याचे जीएसटी रिटर्न एकट्याने भरायचे असतात आणि तो अनुभव असलेली व्यक्ती आम्हाला हवी होती. टॅलीमधल्या एंट्रीज तुम्ही मुलाखतीत बिनचूक करून दाखवल्यात. ही जागा भरली आहे, कृपया आमच्यासाठी थांबू नका. लांज्याहून वेळ काढून आलात, त्याबद्दल आभार.'

टॅलीचं वाक्य फक्त त्याच्यासाठी, कारण ते मी स्वतः पाहिलं होतं. दुसऱ्या कोणाचं तसं काही आठवत नसेल तर मी ते वाक्य गाळते, सगळ्यांना तीच स्तुती चिकटवली आणि दोघं ओळखीचे निघाले तर? आणि ज्याची मुलाखतच झाली नाही त्याला कारण लिहीत नाही, नुसता स्पष्ट नकार आणि आभार.

त्या मुलाला मात्र पत्र न पाठवता फोनच केला, माफी मागितली, आणि जागा नाही हे पहिल्या वाक्यात सांगितलं. थोडा वेळ तो गप्पच होता. मग म्हणाला, "मे मध्येच असं सांगायला हवं होतंत."