पाहुणी

लग्नानंतर पहिल्यांदा मी भरीत केलं ते जळगावच्या फ्लॅटमध्ये, गॅसवर. आत्या (आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात) तेव्हा गावाहून चार दिवस आल्या होत्या. एक घास खाल्ला आणि शांतपणे विचारलं, "कोन आजारी आहे व घरात?"

नवरा ठसका लागेस्तोवर हसला. मी साताऱ्याकडची. आमच्या जिल्ह्यात बोरी आणि सुखेड या दोन गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. त्याला 'बोरीचा बार' म्हणतात. एवढा वारसा असताना गप्प बसणं शोभलं नसतं. म्हटलं, "तुम्हीच आहात आत्या. तिखट सोसत नाही ना आता, म्हणून बेतानं केलं."

तिथून आमचं सुरू झालं.

तसं त्यांचं म्हणणं खरंच होतं. भरिताचं वांगं मोठं, हिरवट-पांढरं, ते कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजायचं. गॅसवर साल जळते, पण आत धूर मुरत नाही. मग ते लाकडी बडगीत घोटायचं. मिक्सरमध्ये फिरवलं की त्याचा चिकट गोळा होतो. त्यांच्या भाषेत 'वांग्याचा शिरा'. जळगावच्या भरीत-वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या भरिताला आत्यांचं मानांकन अजून मिळायचंय.

या बोलण्याला आम्ही कधी नियम घातले नाहीत, पण ते होते. माझा स्वयंपाक, माझं उशिरा उठणं, त्यांचं घोरणं, टीव्हीचा मोठा आवाज, हे सगळं खुल्या मैदानात. माहेर नाही, पगार नाही. एकदा त्या "साताऱ्याले काय सगळे असेच..." म्हणून थांबल्या आणि उगाच चहाचं विचारलं. मीही ऐकलं नाही असं दाखवलं. 'लेकी बोले सुने लागे' हा प्रकार तर आमच्याकडे नव्हताच, जे असेल ते तोंडावर. त्यामुळे भाजी खारट झाल्याची तक्रार कधी तक्रार झाली नाही. "समुद्र आणला का व घरात?" एवढ्यावर मिटायची.

मग दोन वर्षांपूर्वी गावच्या ओट्यावरून त्या पडल्या. गुडघा गेला. यावल तालुक्यातलं घर कुलूप लावून बंद केलं आणि त्या कायमच्या आमच्याकडे आल्या. काही दिवसांनी एक नवा विनोद सुरू झाला. कुठला डबा कुठे आहे विचारलं, की म्हणायच्या, "मले काय माहीत? मी पाहुनी आहे इथं." मी म्हणायची, "मग पाहुण्यांनी बसून खावं." सगळे हसायचे. आठवड्यातून तीनदा तरी हा प्रयोग व्हायचा.

हे बरेच महिने चाललं, आणि मला कळायला तितकाच वेळ लागला. आधी लक्षात आलं ते एवढंच, की विनोद बदलत नव्हता. आत्यांचा टोमणा कधी शिळा नसायचा. एका करपलेल्या भाकरीला त्यांनी तीन दिवसांत तीन नावं ठेवली होती. हे एकच वाक्य मात्र तसंच्या तसं येत होतं. दुसरं म्हणजे, ते म्हणताना त्या माझ्याकडे नाही, मुलाकडे बघायच्या. आणि तोही हसून मोबाइलकडे वळायचा. मीही उत्तर तयार ठेवलेलं होतंच की. चटकन उत्तर देता येण्याची मला जी घमेंड होती, तिनंच घोळ केला असावा.

एका दुपारी मी साधंच विचारलं, "आत्या, गावाला जायचंय का?" त्यावर काहीच आलं नाही. त्यांनी पाणी मागितलं.

हिवाळ्यात आम्ही दोन दिवस गावी गेलो. घर झाडलं. शेजाऱ्यांनी काड्यांचा भारा आणून टाकला. आत्यांना अंगणात खुर्ची दिली आणि मी वांगी भाजायला बसले. वांग्याला तेलाचा हात लावला, पण टोचे मारायचे विसरले. टोचलं नाही तर आतली वाफ कोंडते. व्हायचं तेच झालं. एक वांगं फाटकन फुटलं आणि राख माझ्या तोंडावर.

आत्या काठीवर रेटा देत उठल्या. माझ्या हातातला चिमटा काढून घेतला.

"सरक तिकडे," त्या म्हणाल्या. "पाहुनी आहे तू. बसून खाय."